शेजारच्या खुर्चीतल्या कवीचा हेवा

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात राहते आणि सहा वर्षांपासून कविता लिहिते. आमच्या काव्यमंडळातल्या एका ताईंचे दोन संग्रह निघाले आहेत. मागच्या महिन्यात आम्ही दोघींनी केळीच्या बागेवर कविता वाचली, तेव्हा सूत्रसंचालक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘विषय एकच, पण कविता कशी असते ते यांच्याकडून शिका.’ तेव्हापासून लिहायला बसले की त्यांच्याच ओळी कानात वाजतात. मला त्यांचा हेवा वाटतो आणि त्या हेव्याची लाजही वाटते. माझी कविता खरोखर कच्ची आहे की मला फक्त तसे वाटते आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : ताई, आपल्याला एखाद्या कवीचा हेवा वाटतो असे आपण म्हणतो, पण तो हेवा उठतो एखाद्या ओळीपाशी. जळगावात मी गेली 23 वर्षे कवितेचे मासिक अभ्यासमंडळ चालवतो आहे. तिथे कोणी असा त्रास घेऊन आले की मी पहिल्यांदा एवढेच विचारतो की समोरच्याची कविता ऐकताना नेमक्या कोणत्या ओळीला पोटात कालवले. बहुतेकांना ती ओळ लगेच आठवते, कधीकधी तर आपल्या स्वतःच्या कवितेतली एकही ओळ आठवत नाही पण ती आठवते. तुमच्या कानात वाजणाऱ्या ज्या ओळी आहेत, त्याच तुमच्या उपयोगाच्या आहेत. त्या घालवण्याचा प्रयत्न करू नका. आज त्या वहीत उतरवून घ्या, कारण पुढचे सगळे काम त्यांच्यावरच करायचे आहे.

लाजेविषयी एक गोष्ट आधी सांगतो. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडले होते की माणूस स्वतःचे मोजमाप करण्यासाठी आपल्याहून फार दूरच्या माणसाला निवडत नाही, तर आपल्यासारख्या, आपल्या जवळच्या माणसाला निवडतो. कवितेच्या बाबतीत हे मी दर महिन्याला पाहतो. धरणगावात जन्मलेले बालकवी 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात गाजले तेव्हा अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते, पण त्याचा हेवा आमच्या मंडळात कधीही कोणाला वाटलेला नाही. हेवा वाटतो तो शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, आपल्याच बाजाराला येणाऱ्या, आपल्याच विषयावर लिहिणाऱ्या माणसाचा. म्हणून तुमच्या मनात जे उठले ते तुमच्या स्वभावातली खोट नाही. तुम्ही दोघी एकाच रांगेत आहात असे तुमचे मन मानते, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत ही मोठी सोय आहे. ‘तसे मलाही जमावे’ हा हेवा आणि ‘तिला ते जमू नये’ हा मत्सर. तुमच्या पत्रात मला पहिला दिसतो. दुसरा आला तर तो ओळखण्याची खूण अशी की समोरच्याची कविता फसली तेव्हा तुम्हाला बरे वाटते; आणि तसे झाले तर काही आठवडे त्या व्यक्तीच्या वाचनाला न जाणे हाच सरळ उपाय आहे, कारण त्या मनःस्थितीत कान काही शिकत नाही.

आता कच्चेपणाकडे येतो, आणि त्यासाठी आमच्या मंडळातल्या एका शिक्षिकेचे उदाहरण सविस्तर सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र सांगत नाही. त्या यावल तालुक्यातल्या. त्यांची आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. त्यांनी त्यावर पाच कडव्यांची कविता लिहिली होती आणि ती वाचली त्याच बैठकीत एका प्रकाशित कवीने कापसाच्या वेचणीवरचीच कविता वाचली. श्रोत्यांनी त्या कवीला दोनदा वाचायला लावले. बाईंच्या कवितेला टाळ्या मिळाल्या, पण त्या टाळ्या ‘बसा आता’ अशा होत्या, हे त्यांचे शब्द. त्यांच्या कवितेचे पहिले कडवे असे होते :

माय, तुझे कष्ट अपार,
उन्हात राबलीस फार,
पांढऱ्या सोन्याच्या शेतामधी
काळा तुझा संसार.

मी त्यांना पहिले दोन दिवस काहीही करू दिले नाही. वाचनानंतर लगेच कविता सुधारायला बसणारा माणूस कविता सुधारत नसतो, तो अपमान पुसत असतो आणि त्या भरात चांगली ओळही खोडून टाकतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या कवीची कविता हाताने उतरवून काढली. हाताने उतरवण्याला मी फार महत्त्व देतो. डोळा ज्या शब्दावरून सरकून जातो, तिथे हाताला थांबावेच लागते. ओळ कुठे तोडली, विशेषण कुठे टाळले, क्रियापद कुठे ठेवले हे लिहिताना कळते. उतरवल्यावर त्यांनी ज्या जागी हेवा उठला होता तिथे पेन्सिलीने खूण केली. ती जागा म्हणजे वेचणाऱ्या बाईच्या कमरेच्या ओटीचे वजन चालताना एका बाजूला कसे ओढते, हे सांगणारी एक ओळ होती.

पुढची पायरी सगळ्यात अवघड असते. त्या खुणेपाशी काय आहे ते त्यांना कारागिरीच्या भाषेत लिहायचे होते. पहिल्यांदा त्यांनी लिहिले, ‘त्यांच्याकडे प्रतिभा आहे.’ मी ते खोडायला लावले. प्रतिभा हा शब्द खरा असेलही, पण त्यावर उद्या सकाळी काही काम करता येत नाही. दुसऱ्यांदा लिहिले, ‘त्यांची भाषा सुंदर आहे.’ तेही खोडले. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिले, ‘त्यांनी कष्ट हा शब्द कुठेच वापरला नाही, तरी मला कष्ट दिसले.’ हे वाक्य लिहिताच त्यांचा हेवा निम्मा उतरला असे त्या सांगतात, आणि मला ते खरे वाटते, कारण हेव्याला आता नाव आणि जागा दोन्ही मिळाली होती. ‘तो मोठा, मी लहान’ ही गोष्ट माणसाला रात्रभर जागवते. ‘त्याने कष्ट हा शब्द टाळला, मी तो पाच कडव्यांत तीनदा वापरला’ ही गोष्ट मात्र वहीत दुरुस्त करता येते.

मग त्यांनी स्वतःच्या कवितेतले असे शब्द अधोरेखित केले की जे दुसऱ्या कोणाच्याही आईवरच्या कवितेत जसेच्या तसे बसतील. कष्ट, अपार, राबणे, संसार, पांढरे सोने. पहिल्या कडव्यात उरले काय, तर ‘माय’ आणि ‘उन्हात’. ‘अपार’ आणि ‘फार’ हे यमक आले तेही अर्थासाठी आले नव्हते. पहिली ओळ ‘अपार’वर संपली म्हणून दुसऱ्या ओळीला ‘फार’ घ्यावे लागले होते. यमक खोटे आहे की खरे हे ओळखायची साधी रीत अशी की त्या ओळीचा आशय गद्यात सांगून पाहावा. गद्यात सांगताना तो यमकाचा शब्द आपोआप गळून पडला, तर तो फक्त नादासाठी आला होता. बाईंची कविता कच्ची होती, हे इथे स्पष्ट झाले. आणि कुठे कच्ची होती तेही स्पष्ट झाले. ‘मी कच्ची आहे’ आणि ‘या चार ओळी कच्च्या आहेत’ या दोन निष्कर्षांतले अंतर फार मोठे आहे. पहिला निष्कर्ष काढण्याचा कोणालाच, सूत्रसंचालकांनाही, अधिकार नाही, कारण त्यासाठी पुरावाच कोणाजवळ नसतो.

यानंतर त्यांनी दुसरा खर्डा आणला आणि तिथे एक गडबड झाली, जी जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत होते :

ओटीत कापूस,
बोंडात काटा,
काट्यात
दिवस.

ऐकायला हे पहिल्या कडव्यापेक्षा बरेच आधुनिक वाटते आणि मंडळातल्या दोघातिघांनी मानही डोलावली. पण या ओळी त्या प्रकाशित कवीच्या होत्या, फक्त शब्द बाईंचे होते. त्या कवीची कविता क्रियापद गाळून छोट्या ओळींत चालायची, आणि ती कविता हाताने उतरवल्यामुळे ती चाल बाईंच्या हातात उतरली होती. अनुकरण ओळखण्याची माझी खूण अशी आहे : खर्डा मोठ्याने वाचा आणि मग त्याच विषयावर घरातल्या माणसाशी बोलता तसे दोन वाक्ये बोला. दोहोंत क्रियापद ठेवण्याची जागा आणि श्वास घेण्याची जागा यांत काहीच नाते नसेल, तर ती चाल तुमची नाही. बाई बोलतात तेव्हा क्रियापदाशिवाय त्यांचे एक वाक्य होत नाही. म्हणून दुसऱ्याची कविता उतरवणे आणि आपला नवा खर्डा लिहिणे यांत मी आता किमान एक आठवड्याचे अंतर ठेवायला सांगतो. उतरवून काढण्याचा फायदा डोळ्याला होतो, पण कानाला काही दिवस त्याची बाधा राहते.

तेव्हा आम्ही कविता बाजूला ठेवली आणि मी त्यांना त्यांच्या घरच्या बोलीत फक्त आठवण सांगायला सांगितले. कविता लिहिणाऱ्याला आठवण सांग म्हटले की तो पुन्हा कष्ट आणि त्याग यांकडेच वळतो, म्हणून मी वस्तुस्थितीचा एकच लहान प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर भावनेत देताच येत नाही. कापसाचे बोंड उकलले की त्याच्या सालीची टोके वाळून टणक होतात आणि दिवसभर वेचणाऱ्याच्या बोटांची टोके त्याने ओरखडतात. म्हणून मी विचारले, ‘मायने गालाला हात लावला की कसे लागायचे?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘लागायचंच नाही. ती पंजा उलटा करून, हाताच्या मागच्या बाजूनं गालाला लावायची. बोटं खरखरीत असायची ना.’ हे सांगताना त्यांनी स्वतःचा हात उलटा करून गालाला लावून दाखवला. खोलीतले सगळे त्या हाताकडे पाहत होते.

सातव्या खर्ड्यात कविता अशी झाली :

संध्याकाळी काट्यावर
मायची ओटी रिकामी होते.
मालक आकडा वहीत लिहितो.
माय बोटं पदराला पुसते,
आणि मला जवळ घेताना
हात उलटा करते.

पाच कडव्यांच्या सहा ओळी झाल्या. यात त्या प्रकाशित कवीकडून घेतलेली गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे भावनेचे नाव न घेणे. बाकी सगळे बाईंचे आहे : सरळ क्रियापदे, संथ चाल आणि तो हात, जो त्या कवीला कधीच लिहिता आला नसता, कारण तो त्याच्या गालाला लागलेला नव्हता. एक मर्यादाही सांगायला हवी. छाटण्याचे हे काम एकदा जमू लागले की माणूस त्यात वाहवत जातो. बाईंनीच पुढच्या दोन कविता इतक्या छाटल्या की त्या तारेसारख्या कोरड्या झाल्या, ऐकणाऱ्याला कोण बोलते आहे हेही कळेना. खोडताना थांबायची जागा अशी ओळखावी की एखादा शब्द काढल्यावर चित्र अधिक स्पष्ट होण्याऐवजी प्रश्न पडू लागला, तर तो शब्द परत ठेवावा.

तुमच्या कवितेचे नेमके काय, हे मला ती न वाचता सांगता येणार नाही, पण तुम्हालाच ते पाहता येईल अशी एक चाचणी सांगतो. तुमच्या दोन कविता आणि त्या ताईंच्या संग्रहातल्या दोन कविता, साधारण सारख्या लांबीच्या, एकाच टायपात छापून घ्या, नावे काढून टाका आणि तुम्हा दोघींना ओळखत नसलेल्या तीन वाचकांना द्या. तुमच्या काव्यमंडळातला वाचक चालणार नाही, कारण तो चाल ओळखतो. शेजारच्या गावातली ग्रंथपाल, शाळेतले सहकारी, पुस्तके वाचणारी भाची असे लोक बरे. कोणती चांगली हे त्यांना विचारू नका. चार-पाच दिवसांनी, कागद समोर नसताना, एवढेच विचारा की काय आठवते. ‘छान होत्या’ असे उत्तर आले तर ती कविता त्यांच्यात राहिली नाही. ‘ती हात उलटा करते ना, ती’ असे काही चित्र कोणी सांगितले, तर ती ओळ पक्की आहे, मग ती संग्रहातली असो वा तुमच्या वहीतली. ही चाचणी मी अनेकदा केली आहे, आणि तिच्यात बहुधा असे निघते की प्रकाशित कवीची एक कविता राहते आणि एक विरून जाते. छापलेल्या पुस्तकातल्या सगळ्या कविता सारख्या पक्क्या असतात हा समज इथे मोडतो. तीन वाचकांपैकी एकाचेच मत धरून काही ठरवू नका. किमान दोघांना तीच ओळ आठवली तरच ती मोजा.

या चाचणीने आणखी एक गोष्ट वेगळी निघते, ती म्हणजे सादरीकरण. बैठकीत तुमची तुलना कवितेची झाली असे तुम्हाला वाटते, पण श्रोत्यांनी तुलना केली ती दोन वाचनांची. दोन संग्रह निघालेल्या व्यक्तीने ती कविता आधी दहा ठिकाणी वाचलेली असते. कुठे थांबायचे, कोणती ओळ दोनदा म्हणायची, कागदावरून नजर केव्हा उचलायची हे तिला ठाऊक असते. तुम्ही ती कदाचित पहिल्यांदाच वाचत होता. कागदावर दोन्ही कविता शेजारी ठेवल्यावर अंतर बरेच कमी झाले, तर तुमचे काम कवितेवर नाही, वाचनावर आहे. आणि ते घरी स्वयंपाकघरात मोठ्याने पंधरा-वीस वेळा वाचून होते. अंतर कागदावरही तसेच राहिले, तर वर सांगितलेले ओळीवरचे काम करायचे. मला वाटते, सूत्रसंचालकांनी केलेली तुलना चुकीची असो वा बरोबर, ती अशा रीतीने तपासण्याआधी मनाला लावून घेणे घाईचे आहे.

संग्रहाविषयीही थोडे बोलतो, कारण ‘दोन संग्रह निघाले आहेत’ हे तुम्ही पहिल्याच ओळींत लिहिले आहे आणि त्याचे वजन तुमच्या मनावर आहे असे दिसते. मराठीत कवितासंग्रहाची आवृत्ती बहुधा काहीशे प्रतींची असते आणि अनेक संग्रहांचा खर्च कवीने स्वतः केलेला असतो. यात कमीपणा नाही, कवितेचा व्यवहारच तसा आहे. पण संग्रह निघणे हा कवितेच्या दर्जाचा पुरावाही होत नाही आणि न निघणे हा कच्चेपणाचा पुरावाही होत नाही. आपल्याच भागातले उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते नेमके पाहायला हवे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करताना ओव्या रचायच्या आणि घरातल्यांनी त्या उतरवून घेतल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव हे त्याच घरात कवी म्हणून नावारूपाला आले होते. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1952 साली निघाले. त्या पुस्तकातली एकही ओळ छापली गेल्यामुळे पक्की झाली नाही. ती वहीत होती तेव्हाही तितकीच पक्की होती. मात्र या उदाहरणाचा उलटा अर्थ घेणारेही मला भेटतात. छापले गेलेले नाही म्हणजे आपली कविता दुर्लक्षित सोने आहे, असे ते मानतात आणि कोणाला ती दाखवतच नाहीत. छापण्याच्या प्रश्नाला दर्जाच्या प्रश्नापासून वेगळे ठेवणे दोन्ही बाजूंनी लागते.

मी हे सगळे शांतपणे लिहितो आहे, पण मला ते शांतपणे कळलेले नाही. तरुणपणी माझ्या एका मित्राची आणि माझी कविता एकाच दिवाळी अंकाकडे गेली. दोन्ही गिरणेच्या पात्रावर होत्या. त्याची छापून आली आणि माझी परत आली. गावात ज्यांनी दोन्ही ऐकल्या होत्या त्यांनी ‘त्याचीच होती तशी’ असे सहज म्हटले, आणि मी जवळजवळ सात महिने त्याच्या घरासमोरून जाणे टाळले. त्या सात महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. त्याच्या आईने बोलावणे पाठवले म्हणून शेवटी गेलो. तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि जेवून झाल्यावर मी त्याला त्या कवितेची वही मागितली. त्याने विचार न करता काढून दिली.

चौदा ओळींच्या त्या कवितेने वहीची चार पाने घेतली होती. पहिल्या पानावरच्या ओळी माझ्या परत आलेल्या कवितेसारख्याच होत्या : नदी ही माता, पाणी हे अमृत, आटलेले पात्र हे दुःख. मला ज्या ओळीचा हेवा वाटला होता, ती पहिल्या पानावर नव्हती, दुसऱ्यावरही नव्हती. ती तिसऱ्या पानाच्या समासात, पेन्सिलीने, आडवी लिहिलेली होती आणि तिच्याशेजारी प्रश्नचिन्ह होते. ज्या ओळीवरून मी स्वतःला सात महिने कमी लेखले, तिच्याविषयी तिच्या कवीला खात्री नव्हती. मी माझा पहिला खर्डा त्याच्या चौथ्या पानाशेजारी ठेवून रडत होतो. त्या दिवसापासून मी तुलना करतो तेव्हा पानाला पान लावतो : माझे पहिले पान त्याच्या पहिल्या पानाशेजारी.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे, आणि तिला धीर लागेल हे मला माहीत आहे. त्या ताईंना भेटा आणि केळीच्या कवितेचे जुने खर्डे असतील तर दाखवाल का, असे विचारा. हेवा वाटतो हे सांगण्याची गरज नाही. ‘ताई, तुमची अमुक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही, ती पहिल्यापासून तशीच होती का’ एवढे विचारले तरी पुरे. ज्यांनी खरोखर काम केलेले असते ते लोक या प्रश्नाने खूश होतात, कारण त्यांना त्यांच्या कवितेबद्दल स्तुती पुष्कळ मिळते पण असा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यांनी टाळले किंवा वहीच ठेवली नाही असे सांगितले, तर तेवढेच राहू द्या. पुन्हा विचारू नका.

सूत्रसंचालकांशीही बोलता येईल. सगळ्यांसमोर झालेल्या तुलनेला सगळ्यांसमोर उत्तर देण्याची गरज नसते, पण चहाच्या वेळी त्यांना विचारावे की माझ्या कवितेतली कोणती ओळ तुम्हाला सैल वाटली. त्यांनी ओळ सांगितली तर ती लिहून घ्या, तो अभिप्राय आहे. ‘एकूणच हो’ असे म्हणाले, तर त्यांना दोन कवितांतला फरक जाणवला पण तो कुठे आहे ते त्यांनी पाहिलेले नाही, आणि अशा अभिप्रायाला वहीत जागा देऊ नये. मंडळात तुमचा शब्द चालत असेल तर एकाच विषयावरच्या कविता एकामागोमाग न ठेवण्याची सूचनाही जरूर करा. त्यात दुसऱ्या नंबरवर वाचणाऱ्याचे किंवा कमी सराईत असणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच असते.

आता केळीच्या कवितेविषयी, कारण तुम्हाला पुन्हा तिथूनच सुरुवात करायची आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीवरच्या कविता मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकाच जागी जातात : केळीला एकदाच घड येतो, घड कापला की खोड जाते, बुडाशी पील वाढत असते, म्हणजे केळ ही आई. ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती सगळ्यांना सुचते, आणि त्या ताईंच्या व तुमच्या कवितेतही ती असण्याची शक्यता मोठी आहे. दोन कवितांत एकच कल्पना असली की जिची मांडणी सफाईदार ती जिंकणार. तिथे त्यांच्याशी स्पर्धा करण्यात तुमचा वेळ जाईल. त्यापेक्षा बागेत जिथे कल्पना पोचत नाही अशा जागी जा.

दोन आठवडे कविता लिहू नका. त्या ताईंच्या ओळी वहीच्या एका पानावर उतरवलेल्या असतील, ते पान तसेच राहू द्या. नवीन पानावर, घरी बोलता त्याच भाषेत, एका प्रश्नाचे उत्तर गद्यात लिहा. घड कापताना दांड्यातून चीक गळतो आणि तो कपड्यावर पडला की त्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या घरात असा डाग पडलेला कोणता कपडा आहे, तो कोणाचा आहे, आणि तो कपडा घालून ती व्यक्ती अजून कुठे जाते आणि कुठे जात नाही?

ते लिहून झाले की मला पाठवा. कविता पाठवू नका, ते गद्यच पाठवा.